नऊ मिनिटांचा निरोप अडीच मिनिटांत

*ताई, सप्रेम नमस्कार. मी इंदूरच्या एका कॉल सेंटरमध्ये आहे. महाराष्ट्रातल्या ग्राहकांचे मराठी फोन घेणाऱ्या टीमची सहा वर्षं लीड आहे. या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी नोकरी सोडून पुण्याला जाते आहे. टीममध्ये १४ जण: सात दिवसपाळीला (त्यातले तीन जूनमध्ये आलेले), तिघं रात्रपाळीला, चौघं घरून काम करणारे. सगळे एका वेळी एका खोलीत येतच नाहीत, म्हणून व्हिडिओ करून पाठवायचं ठरवलं. छोटासा, तीन आठवणींचा. पण लिहायला बसले तर चार पानं झाली, रेकॉर्ड केलं तर नऊ मिनिटं, आणि मधेच रडू आलं.*

*मनात सहा आठवणी आहेत. एक, सिस्टिम दिवसभर बंद पडली तेव्हा सगळ्यांनी शाळेच्या वह्यांत तक्रारी लिहून घेतल्या. दोन, अनंत चतुर्दशीला रस्ते बंद होते, कॅब येईना, तर रात्रपाळीचे तिघं चालत आले आणि येताना आमच्यासाठी भुट्ट्याचा कीस घेऊन आले. तीन, बाबा आठ दिवस दवाखान्यात होते तेव्हा जुन्या अकरा जणांनी माझं काम वाटून घेतलं. परत आले तर रोस्टरमध्ये माझ्या नावापुढे आठही दिवस 'बाबांजवळ' असं लिहिलेलं होतं. चार, एका नव्या मुलीवर ग्राहक ओरडत होता, ती रडायला लागली, तर शेजारच्या तितक्याच नव्या मुलीने चिठ्ठी सरकवली, 'पाणी पी, मग बोल.' नवीन तिसरा मुलगा पाणी घेऊन आला. पाच, मांडूची सहल, माझ्याबरोबर टीममधले सहा जण आले होते. सहा, बेस्ट टीमचा पुरस्कार.*

*कुठल्या तीन घेऊ? आणि सांगू कशा?*

सप्रेम नमस्कार.

मोबाइल थोडा वेळ बाजूला ठेवा आणि एक मोठा कागद घ्या. डावीकडे एकाखाली एक १४ नावं लिहा. वर आडव्या ओळीत सहा आठवणी लिहा. मग प्रत्येक आठवणीखाली, त्या वेळी जो माणूस खरोखर तिथे होता त्याच्या नावापुढे खूण करा. ज्याने ती गोष्ट नंतर ऐकली, ज्याला ती माहीत आहे, त्याला खूण नाही. जो होता त्यालाच.

हा खटाटोप कशासाठी ते सांगते. निरोपसमारंभात सगळे एकत्र असतात. सहलीची आठवण निघाली की न गेलेलाही इतरांबरोबर हसतो आणि वेळ निघून जाते. तुमचा व्हिडिओ मात्र १४ जण १४ ठिकाणी, कानात इअरफोन घालून एकेकटे बघणार आहेत. एकटा माणूस निरोप ऐकताना स्वतःला शोधत असतो. तीन आठवणी झाल्या आणि तो एकीतही नसला, तर तुमचे पुढचे कितीही गोड शब्द त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून तीन आठवणी निवडताना कुठली सगळ्यात सुंदर, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की तिन्ही मिळून कोणाचं नाव खुणेशिवाय राहतं का.

आता तुमच्याच यादीवर हे करून बघू.

मांडूला सहा जण गेले, म्हणजे आठ नावं कोरी. पावसाळ्यातलं मांडू कितीही देखणं असलं तरी ही आठवण त्या सहा जणांबरोबर चहाला बसाल तेव्हासाठी ठेवा. पुरस्काराच्या खाली पुष्कळ खुणा पडतील, पण डोळे मिटून ती आठवण बघा बरं: प्रमाणपत्र, टाळ्या, ग्रुप फोटो. दुसऱ्या कुठल्याही टीमचा लीड हेच शब्द जसेच्या तसे बोलू शकेल. कंपनीला तुमची टीम कशी वाटली ते पुरस्काराने सांगून झालं आहे. तुम्ही जवळून काय पाहिलंत, ते फक्त तुम्हीच सांगू शकता. ही आठवण काढून टाका.

वह्यांची आठवण मात्र जड मनाने काढायला लावते आहे. ती फार छान आहे, पण त्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ती सांगायची तर सिस्टिम दिवसभर बंद होती हे सांगावं लागतं, आणि ज्या क्लायंटसाठी तुम्ही फोन घेता, त्याच्या दृष्टीने ही घरातली गोष्ट बाहेर गेली. निरोपाचे व्हिडिओ टीमपुरते राहत नाहीत. कोणीतरी प्रेमाने घरी दाखवतं, कोणी जुन्या सहकाऱ्याला पाठवतं. तो व्हिडिओ क्लायंटच्या मॅनेजरने पाहिला तरी चालेल, इतपतच त्यात असावं. नोकरी सोडतानाही गोपनीयतेची सही तुमच्यावर लागू असतेच. दुसरी अडचण अशी की ग्राहकांनी सांगितलेली माहिती वहीत लिहिणं बहुतेक कॉल सेंटरच्या नियमांत बसत नाही. त्या दिवशी इलाज नव्हता, पण तुमच्या तोंडून त्याचं कौतुक रेकॉर्ड झालं तर उद्या प्रश्न तुमच्या मागे राहिलेल्यांना विचारले जातील. ही गोष्ट तोंडी सांगा, रेकॉर्ड करू नका.

उरल्या तीन. कागदावर बघा. रोस्टरच्या आठवणीत जुने अकराही जण आले, दिवसपाळीचे, रात्रीचे, घरून काम करणारे. चिठ्ठीच्या आठवणीत जूनमध्ये आलेले तिघं आले. १४ नावं इथेच पुरी झाली. म्हणजे तिसरी आठवण तुम्हाला हवी ती घेता येते, आणि मी चतुर्दशीची घ्यायला सांगेन. रात्रपाळीच्या माणसांचं कौतुक होतं तेव्हा ती बहुधा घरी झोपलेली असतात. केक दुपारी कापला जातो, फोटो दुपारी निघतात. त्या तिघांना एक आठवण संपूर्ण त्यांची म्हणून मिळू दे.

आता सांगायच्या कशा. चार पानं का होतात ते माझ्या रेडिओच्या दिवसांपासून पाहत आले आहे. आठवण स्वतः कधीच लांब नसते. तिच्या आधीची पार्श्वभूमी आणि नंतरचं स्पष्टीकरण लांब असतं. रोस्टरचीच गोष्ट घ्या. आपण साधारण असं सुरू करतो: "तुम्हाला आठवत असेल, गेल्या वर्षी माझे बाबा अचानक खूप आजारी पडले, त्यांना ॲडमिट करावं लागलं, तो काळ माझ्यासाठी फारच कठीण होता, मला काही सुचत नव्हतं, ऑफिसचं काय होणार ही चिंता होती, पण तेव्हा तुम्ही सगळ्यांनी जी साथ दिलीत ती मी कधीच विसरणार नाही, तेव्हा मला कळलं की टीम म्हणजे काय…" इथपर्यंत अर्धं मिनिट गेलं आणि ऐकणाऱ्याला अजून काहीही दिसलेलं नाही. शिवाय रडू इथेच येतं. तुम्ही दवाखान्यातून आत शिरताय, म्हणून ते दिवस पुन्हा जगताय.

याच्याऐवजी गोष्ट उलट्या बाजूने, परत आल्याच्या सकाळपासून सुरू करा. तुम्ही लॉगिन केलंत, रोस्टर उघडलंत, स्वतःच्या नावाची ओळ पाहिलीत. आठ चौकटी, आठांत 'बाबांजवळ'. बस. रजेच्या चौकटीत लोक काय लिहितात ते तुमच्या टीमला ठाऊक आहे. त्या जागी हा शब्द लिहिणाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. प्रत्येक आठवणीत अशी डोळ्यांना दिसणारी एकच वस्तू धरा. चतुर्दशीच्या रात्रीत ती वस्तू म्हणजे कागदातला गरम कीस, आणि नव्या मुलांच्या आठवणीत ती चिठ्ठी. वस्तू दिसली की आठवण संपवायची आणि पुढे जायचं.

चिठ्ठीच्या बाबतीत एक पथ्य पाळाच. जी मुलगी रडली ती या आठवणीत दुबळी दिसता कामा नये. तिचं नाव घेणार नाही म्हणाल, पण नवे तिघंच आहेत, बाकीच्यांना ओळखायला क्षणही लागणार नाही. म्हणून रडण्याचा उल्लेखच करू नका. कॉल अवघड होता एवढं पुरे. त्या फ्लोअरवर अवघड कॉल कोणाला आला नाही? गोष्ट चिठ्ठीची आणि पाण्याची आहे. तरीही रेकॉर्ड करण्याआधी दोघींना वेगवेगळं गाठून विचारा, "ती चिठ्ठीची गोष्ट सांगितली तर चालेल का?" असंच, साध्या शब्दांत. विचारताना चेहरा बघा. "चालेल ना मॅम" असं म्हणताना ती जराही घुटमळली तर ते नाही समजा आणि नव्या तिघांची दुसरी एखादी गोष्ट आठवा.

क्रमही ठरवून घेऊ. चतुर्दशी आधी, कारण ती हलकी आहे आणि तुमचा आवाज तेवढ्यात बसतो. रोस्टर मधे. सगळ्यात जड गोष्ट शेवटी ठेवली तर तुम्ही रडत निरोप घ्याल आणि बघणारा त्याच चेहऱ्यावर फोन बंद करेल. चिठ्ठी शेवटी, म्हणजे बोलणं पुढे इथे राहणाऱ्या मुलांवर येऊन थांबतं.

सावकाश, श्वास घेत बोललं तर मराठीत मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात. नावं घ्यायला आणि आठवणींच्या मधे थांबायला वेळ सोडला, तर अडीच मिनिटांसाठी दोनशेच्या आसपास शब्द पुरतात. तुमच्या पत्रातल्या मजकुरावरून मी एक मसुदा करून देते. शब्द तुमच्या तोंडात बसतील असे बदला.

"नमस्कार मंडळी. शुक्रवारी माझा शेवटचा दिवस. आपण सगळे एका वेळी एका खोलीत कधी बसलोच नाही, म्हणून ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा बघता यावं असं हे बोलते आहे.

अनंत चतुर्दशीची रात्र. राजवाड्याकडचे रस्ते झांक्यांसाठी बंद, कॅबवाल्याने हात वर केलेले. मी मनात धरून चालले होते की आज रात्रपाळी रिकामी. तेवढ्यात दार उघडलं आणि तिघंही आत आले, बूट चिखलाने भरलेले, आणि हातात भुट्ट्याचा कीस. तो अजून गरम होता. आधी आम्हाला वाढलंत आणि मग लॉगिन केलंत.

दुसरी गोष्ट. बाबांना घरी आणल्यावर मी कामावर आले आणि रोस्टर उघडलं. माझ्या नावापुढे आठ चौकटी होत्या. आठही चौकटींत लिहिलं होतं, 'बाबांजवळ'. मी ते बाबांना दाखवलं होतं, हे तुम्हाला आज सांगते.

तिसरी याच पावसाळ्यातली. एक अवघड कॉल चालला होता. शेजारच्या खुर्चीवरून एक चिठ्ठी सरकली, 'पाणी पी, मग बोल.' तिसरा पाणी घेऊन आलासुद्धा. तिघांनाही इथे येऊन जेमतेम काही दिवस झाले होते आणि तिघांनाही कोणी काही शिकवलं नव्हतं. मी मागे उभी राहून बघत होते.

आता नावं घेते.

(इथे १४ नावं, घाई न करता.)

माझा नंबर तोच आहे. येते."

रोस्टर बाबांना दाखवल्याचं वाक्य मी माझ्या मनाने घातलं आहे. तसं झालं नसेल तर ते काढा. त्या जागी तुमचं खरं वाक्य येऊ दे, पण असं, जे टीमला आजवर माहीत नव्हतं. अकरा जणांनी जे केलं ते त्यांना माहीतच आहे. पुढे त्याचं काय झालं, ही बातमी फक्त तुमच्याकडे आहे. प्रत्येक आठवणीत असं एखादं वाक्य मिळालं तर सोनं. चतुर्दशीत 'आज रात्रपाळी रिकामी असं धरून चालले होते' हे तेच काम करतं, आणि चिठ्ठीत 'मागे उभी राहून बघत होते' हे.

नावांबद्दल थोडं. एकतर सगळी घ्यायची, नाहीतर एकही नाही. आठवणी सांगताना कोणाचंच नाव घेतलेलं नाही ते त्यासाठीच. शेवटी १४ नावं हाकेची घ्या, म्हणजे तुम्ही त्यांना रोज जशी हाक मारता तशी. कोणाला आडनावाने बोलावत असाल तर आडनावाने. क्रम टीममध्ये आल्याचा ठेवा, म्हणजे कोण पहिला आणि कोण शेवटी याचा कोणी वेगळा अर्थ लावत नाही. यादी समोर लिहून ठेवा. नाव विसरलं तर ते भरून काढायला नंतर जागा नाही.

तुमच्या चार पानांत बहुतेक असतील अशी तीन वाक्यं मसुद्यात मुद्दाम घेतलेली नाहीत. "काही चुकलं असेल तर माफ करा" हे आपल्याकडे रीतीने म्हणतात, पण ते ऐकून माणूस नेमकं काय चुकलं होतं ते आठवायला लागतो. कोणाची खरोखर माफी मागायची असेल तर त्याला फोन करा. "तुम्ही माझं दुसरं कुटुंब आहात" हे तुम्हाला मनापासून वाटत असेल, पण रोस्टरमधला 'बाबांजवळ' ते सांगून बसला आहे. आणि "मला तुमची खूप आठवण येईल" या वाक्यावर रेकॉर्डिंग करताना हमखास गळा दाटतो. गंमत म्हणजे ते काढलं की सगळा मजकूर कोरड्या आवाजात बोलता येतो, आणि माया तेवढीच पोचते. सोडण्याची कारणं, नवी नोकरी, नव्या लीडला सूचना, टार्गेट, यांतलं काहीच नको.

रेकॉर्डिंग फ्लोअरवर करू नका. बहुतेक कॉल सेंटरमध्ये फ्लोअरवर मोबाइल न्यायलाच बंदी असते, आणि मागे एखादा उघडा स्क्रीन किंवा फळ्यावरचे आकडे आले तर तेवढ्यावरून शेवटच्या आठवड्यात तुम्हाला जाब विचारला जाईल. घरीच करा. खिडकीकडे तोंड करून बसा, म्हणजे उजेड चेहऱ्यावर पडतो. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो, आणि निरोपात लोकांना चेहराच बघायचा असतो. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, पुस्तकांच्या थप्पीला टेकवून, साधारण हातभर लांब. लेन्स ओढणीच्या टोकाने पुसून घ्या. हाताळून हाताळून ती तेलकट झालेली असते आणि चित्र धूसर येतं.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. चित्र थोडं मंद असलं तर चालतं, पण शब्द कळले नाहीत की माणूस व्हिडिओ सोडून देतो. पंखा आणि कूलर बंद. गाद्या, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली निवडा, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. सकाळी लवकर करायचा बेत असेल तर कचरागाडी येऊन जाऊ द्या, तिचं गाणं गल्लीच्या दुसऱ्या टोकावरूनही रेकॉर्डिंगमध्ये येतं. वायरचे इअरफोन असतील तर त्यांचा माइक वापरा, पण तो ओढणीला किंवा मंगळसूत्राला घासत नाही ना ते बघा. आधी दहा सेकंद काहीतरी बोलून, रेकॉर्ड करून, इअरफोन लावून ऐका. खरखर असेल तर ती तेव्हाच कळते. फोन एअरप्लेन मोडवर टाकायला विसरू नका.

मसुदा हातात धरून वाचू नका. डोळे ओळीवरून डावीकडून उजवीकडे फिरतात आणि ते दिसतं. तीन छोट्या चिठ्ठ्या करा, 'कीस', 'चौकटी', 'पाणी', आणि लेन्सच्या अगदी बाजूला चिकटवा. नावांची यादी त्यांच्याखाली. बोलताना स्क्रीनवरच्या स्वतःकडे न बघता लेन्सकडे बघा. स्क्रीनकडे बघितलं की ऐकणाऱ्याला वाटतं तुम्ही दुसऱ्याच कोणाशी बोलताय. ती सवय जात नसेल तर लेन्सची जागा सोडून बाकी स्क्रीनवर एक कागद लावून टाका.

रडू आलं तर? मसुदा पाच तुकड्यांचा आहे: सुरुवात, तीन आठवणी, नावं आणि निरोप. जिथे गळा दाटेल तिथे थांबा, पाणी प्या, आणि फक्त तोच तुकडा पहिल्या शब्दापासून पुन्हा बोला. वाक्याच्या मधून सुरू केलं तर आवाजाचा सूर जुळत नाही. तुकडे फोनमध्येच जोडता येतात. बसण्याची जागा, उजेड आणि अंगावरचे कपडे तेवढे बदलू नका. प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर दोन सेकंद गप्प राहा, म्हणजे जोडताना पहिलं किंवा शेवटचं अक्षर कापलं जात नाही. 'बाबांजवळ' म्हणताना आवाज किंचित थरथरला आणि शब्द स्पष्ट कळत असले, तर तो तुकडा राहू द्या. तो पुन्हा पुन्हा करून गुळगुळीत करू नका.

झाल्यावर एकदा आवाज बंद करून नुसता चेहरा बघा आणि एकदा फोन उलटा ठेवून नुसतं ऐका. दोन्हींत ठीक वाटलं की थांबा. मग टीमबाहेरच्या एका माणसाला दाखवा, घरचं कोणी चालेल, आणि एवढंच विचारा: "तीन आठवणी कुठल्या होत्या?" तिन्हींतली एखादी सांगता आली नाही, तर तिच्यात वस्तू नीट दिसत नाही असं समजून तेवढी पुन्हा करा.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ टाकला तर तो आकाराने दाबला जातो आणि चित्र बिघडतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग तो आहे तसा जातो. ऑफिसच्या ड्राइव्हवर ठेवायचा असेल तर तुमच्या खात्यात न ठेवता मॅनेजरला सांगून टीमच्या फोल्डरमध्ये ठेवा. शुक्रवारी तुमचं खातं बंद होईल आणि लिंकही त्याबरोबर जाईल. मॅनेजरला आधी एकदा दाखवून घेतलंत तर उत्तम. मसुद्यात लपवण्यासारखं काही नाही, त्यामुळे त्यांची हरकत येऊ नये.

पाठवायचा दिवस शुक्रवार नको, बुधवार ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी पाठवला तर लोक घरी जाऊन बघतील, तोवर तुम्ही गेलेल्या असाल, आणि उत्तर द्यायला त्यांच्याकडे अंगठ्याच्या चिन्हाशिवाय काही उरणार नाही. बुधवारी मिळाला तर दोन दिवस हातात राहतात. कोणी खुर्चीपाशी येऊन उभं राहील, घरून काम करणाऱ्यांपैकी एखादी फोन करेल. आणि पाठवायची वेळ रात्रपाळीची धरा, म्हणजे त्यांची पाळी सुरू होण्याच्या तासभर आधी. दिवसपाळीचे तोवर घरी पोचलेले असतात, घरून काम करणारेही मोकळे होतात, आणि ते तिघं इतर सगळ्यांच्या बरोबरीने बघतात. सकाळी पाठवलात तर ते झोपेत असताना ग्रुपवर पन्नास मेसेज होऊन गेलेले असतील.